हलले नाहीत, कशावरून?

एकोणीसशे साठच्या सुमारास मी किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात फिजिक्सचं प्रॅक्टिकल घ्यायचो, आणि चिडायचो पटकन. रेवदंड्याच्या कोळ्यांची एक मुलगी दोन फटींचा प्रयोग करत होती. एका फटीवर अभ्रकाची पातळ पत्री ठेवली की प्रकाशाचे पट्टे सरकतात. किती सरकले त्यावरून पत्रीची जाडी काढायची. मी भिंगातून पाहिलं. सोडियमच्या दिव्याचे पिवळे पट्टे होते तिथेच. “पत्री बसवलीच नाहीस,” असं खेकसून मी तिच्या वहीत लाल शाईनं ‘निष्काळजी’ लिहिलं.

ती म्हणाली, “सर, सगळे पट्टे सारखेच हायत. मग हलले न्हायत, कशावरून?”

मी सोडियमचा दिवा काढला. साधा पांढरा दिवा लावला. त्यात मधोमध एकच पांढरा पट्टा असतो, बाकीचे रंगीत, म्हणून तो ओळखता येतो. पत्री काढून पुन्हा ठेवताच तो झाकलेल्या फटीच्या बाजूला सरकला. तेवढ्या अंतरात पिवळे पट्टे बरोब्बर पाच बसत होते. एकाच्या जागी दुसरा येऊन उभा, मग मला दिसणार काय! जाडी निघाली मिलिमीटरचा दोनशेवा भाग.

वहीतला तो शब्द मी खोडला नाही. त्याच्यापुढे माझं नाव लिहिलं.