सोफासेट, दोन कूलर आणि एक दिवाण

रायपूरच्या आमच्या मराठी मंडळात वार्षिक अहवाल ऐकायची एक रीत होती, ती म्हणजे न ऐकण्याची. सचिवकाका उभे राहिले की पुरुष मंडळी मोबाईल काढायची, बायका वडाभाताची कढी फाटली का ते बघायला मागच्या दाराने सटकायच्या, आणि काका शेवटच्या ओळीवर आले की कुठून तरी सगळे परत येऊन हात वर करायचे. अहवाल मंजूर. पंगत बसायची.

दोष फक्त ऐकणाऱ्यांचा नव्हता. काका रेल्वेच्या कार्यालयात बाबूगिरी करून निवृत्त झालेले. त्यांचं वाक्य मालगाडीसारखं असायचं, फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाला शेवटचा डबा कधी येणार ते कळत नसे. मागच्या वर्षी तर एका वाक्याच्या मधोमध त्यांना ठसका लागला, पाणी पिऊन ते परत उभे राहिले, आणि कर्ता कोण होता ते त्यांनाच आठवेना.

म्हणून यंदा अध्यक्षांनी फर्मान काढलं. अध्यक्ष म्हणजे सिलतऱ्याच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलायला गोड, करायला मंद. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांनी काकांचा हस्तलिखित अहवाल वजन केल्यासारखा हातावर तोलला, न वाचताच "उत्तम" म्हणून खाली सही ठोकली, आणि मग म्हणाले, "सब बराबर हाये, पण लहान लहान वाक्यं करा. पोट्ट्यांना बी समजलं पाहिजे. अन् वाचायचं काम बाईले द्या."

बाई म्हणजे मी. मी एका हिंदी बातम्यांच्या पोर्टलवर काम करते. बातमीदारांनी पाठवलेले लांबलचक परिच्छेद फोडून मोठ्याने वाचता येतील अशी छोटी वाक्यं करणं, हेच माझं पोटापाण्याचं काम. आणि रविवारी मंडळात मुलांचा मराठी वर्ग घेते. ही मुलं घरी आजीचं मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. वर्ग तेव्हा जिन्याखाली भरत असे, पाण्याच्या मोटरशेजारी. कोणी मोटर सुरू केली की आमची बाराखडी बंद. असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत एकही मूल उरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. अध्यक्षांना मी खोलीबद्दल कितीदा तरी विचारलं होतं. "हव, बघतो ना बाई," एवढंच उत्तर.

अहवाल घेऊन मी काकांच्या गुढियारीच्या घरी गेले. त्यांनी एकच अट घातली.

"तोड. पाहिजे तेवढं तोड. पण एक बी गोष्ट गळाली नाही पाहिजे, अन् मागची पुढं नाही झाली पाहिजे. कार्यकारिणीनं हेच मंजूर केलं हाये. तुह्या मनाचं काही घालू नको."

मी म्हटलं, काका, मी रोज हेच करते. आणि पानं उलटत तिसऱ्या परिच्छेदावर आले, तेव्हा माझे डोळे चमकले. तो परिच्छेद असा होता:

"गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत एकमताने झालेल्या ठरावानुसार मंडळाची वरच्या मजल्यावरील खोली, जी मुलांच्या मराठी वर्गाकरिता देण्याचे निश्चित झाले होते व जिला महिला शाखेने स्वतः रंगही दिला होता, तीमध्ये माननीय अध्यक्षमहोदयांच्या घरी दुरुस्तीचे काम निघाल्याने त्यांचा सोफासेट, दोन कूलर व एक दिवाण तात्पुरत्या स्वरूपात ठेवण्यात आले असून, सदर दुरुस्ती दिवाळीपूर्वी पूर्ण होऊनही सामान अद्याप तेथेच असल्याने वर्ग जिन्याखाली भरविण्यात येत आहे, ज्यामुळे मुलांची संख्या अकरावरून पाचवर आली असून, शिक्षिकाबाई अनेकदा उशिरा येतात हेही त्याचे एक कारण असल्याचे पालकांचे म्हणणे आहे, तथापि वर्ग अखंड सुरू आहे ही मंडळाच्या दृष्टीने अत्यंत अभिमानास्पद बाब होय."

मी काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर, मालधक्क्याच्या दिशेने बघत होते. चेहरा असा की जणू त्या गावचेच नाहीत.

मी तिथेच बसून फोडायला घेतलं. अशा वाक्याची युक्ती सोपी असते. "जी", "जिला", "असून" ही जोडाची ठिकाणं. तिथे थांबायचं, पूर्णविराम द्यायचा, आणि पुढच्या वाक्याला त्याचं स्वतःचं डोकं द्यायचं, म्हणजे कशाबद्दल बोलतोय ते पुन्हा सांगायचं. तोडताना "म्हणून" आणि "तरी" सांडतात, ते वेचून परत ठेवायचे. रोजच्या हाताला हे सवयीचं. पण त्या दिवशी हात जरा घाबरला. मी लिहिलं, "दुरुस्ती दिवाळीपूर्वी पूर्ण झाली. सामान अजून तिथेच आहे." आणि शिक्षिकाबाईंचं वाक्य, खरं सांगायचं तर, मी हळूच गाळून टाकलं.

काकांनी कागद घेतला, आपला जुना कागद शेजारी ठेवला आणि एकेका बाबीवर बोट ठेवत चालले. मालाची नोंद तपासावी तसं.

"इथं 'तरी' कुठं गेला? मी 'होऊनही' लिवलं होतं. दुरुस्ती झाली अन् सामान हाये, या दोन गोष्टी झाल्या. दुरुस्ती झाली तरी सामान हाये, ही तिसरी झाली."

मी निमूटपणे "तरीही" घातलं. बोट पुढे सरकलं आणि थांबलं.

"अन् शिक्षिकाबाई?"

"काका, ते गरजेचं आहे का?"

"अकरा पोट्ट्यांचे पाच झाले, त्याचे दोन कारण हायेत. एक ठेवतं अन् एक खातं, असं कसं? अन् ते पालकांचं म्हणणं हाये, हे बी राहू दे. माहं म्हणणं नाही ते."

राग आला मला. रविवारी सकाळी पोर्टलवर माझी ड्युटी असते हे त्यांना माहीत होतं. ती दर रविवारी नसते, हेही माहीत होतं, हाच तर त्रास. दात ओठ खात मी ते वाक्य परत लिहिलं.

सभेच्या दिवशी मी उभी राहिले. मोबाईल निघाले होते, बायका दाराशी पोचल्या होत्या. पहिले दोन परिच्छेद सरले. मग मी तिसरा वाचायला घेतला.

"गेल्या वर्षी सर्वसाधारण सभेत एकमताने ठराव झाला. वरच्या मजल्यावरची खोली मुलांच्या मराठी वर्गाला द्यायचे ठरले. महिला शाखेने त्या खोलीला स्वतः रंग दिला."

आपलं नाव निघालं म्हणून दारातल्या बायका वळल्या.

"माननीय अध्यक्षांच्या घरी दुरुस्तीचे काम निघाले. त्यामुळे त्यांचा सोफासेट, दोन कूलर आणि एक दिवाण त्या खोलीत तात्पुरते ठेवण्यात आले. दुरुस्ती दिवाळीपूर्वी पूर्ण झाली."

मोबाईल खाली आले. छोट्या वाक्याची हीच गंमत असते, ते संपतं आणि मग ऐकणाऱ्याला त्याच्याकडे बघत बसावं लागतं.

"तरीही सामान अजून तिथेच आहे. त्यामुळे वर्ग जिन्याखाली भरतो."

माझ्या वर्गातली एक पोट्टी पुढच्याच रांगेत होती. तिने आईला मोठ्याने विचारलं, "मम्मी, ऊपर सोफा है क्या?" हशा पिकला. अध्यक्ष उठले. कान लाल.

"हे काय हाये? बाईनं आपल्या मनानं फिरवलं हे. असं नव्हतं लिवलेलं."

काका सावकाश उभे राहिले. जुना कागद हातात, खाली अध्यक्षांची सही. "असंच लिवलं होतं, साहेब. तुमीच उत्तम म्हणाले होते. बाईले पुढचं वाचू द्या."

अध्यक्ष बसले, पण नजर माझ्यावर रोखून. आता पुढचं वाक्य माझं होतं. पळून जावंसं वाटलं. सगळ्यांचे डोळे चुकवून ते एक वाक्य गिळणं अगदी सोपं होतं, पण काकांचं बोट त्या ओळीवर आलेलं मला इथूनही दिसत होतं.

"या कारणाने मुलांची संख्या अकरावरून पाचवर आली. शिक्षिकाबाई अनेकदा उशिरा येतात, हेही एक कारण असल्याचे पालक सांगतात."

यावेळचा हशा आधीपेक्षा मोठा होता. सगळ्यांत मोठ्याने अध्यक्ष हसले, मांडीवर थाप मारून. हसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं की ज्या बाईने स्वतःची लाज स्वतःच्या तोंडाने वाचली, तिने कागद फिरवला असं आता म्हणता येणार नाही. त्यांनी नुसता रुमाल काढून मान पुसली.

"तथापि वर्ग अखंड सुरू आहे. ही मंडळाच्या दृष्टीने अत्यंत अभिमानास्पद बाब आहे," मी उरकलं. अहवाल मंजूर करायला हात वर करा असं अध्यक्षांनाच म्हणावं लागलं. इतके हात मंडळात कधी वर झाले नव्हते. महिला शाखेने तर दोन्ही वर केले. मग दारातूनच आवाज आला, "वडाभात तयार हाये. पण आधी दिवाण खाली आणा." आणि खरंच, भुकेल्या पुरुषांनी पंगतीआधी तो दिवाण, ते कूलर, तो सोफासेट जिन्यावरून उतरवला. अध्यक्षांनी स्वतः एका बाजूने कूलर धरला होता, हे सांगायला हवं.

जेवणं झाल्यावर काका आणि मी वर गेलो. खोली रिकामी होती. रंगावर सोफ्याच्या पाठीची काळपट रेघ उमटली होती.

"काका, तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं. सरळ काहून नाही सांगितलं त्यांना?"

"सरळ सांगतलं असतं तर मन दुखलं असतं ना. रोजचं उठणंबसणं हाये. लांब वाक्यात खरं बी लिवता येते, अन् कोणाले लागत बी नाही. नोकरीभर तेच केलं मी."

एरवी मी हसले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर जिन्याखालची ती ओली जागा आली.

"कोणाला लागलं नाही कसं? सहा पोरं गेली, काका."

काकांनी भिंतीवरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर केला आणि वर्ग सोडून गेलेल्या पहिल्या मुलीच्या घरी लावला.

"खोली मिळाली. रविवारी वर्ग हाये. पोट्टीले पाठवा."

पलीकडून काही तरी विचारलं गेलं. काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन टाकलं.

"हव. शिक्षिकाबाई वेळेवर येतीन."