चटणीची फुकट पाकिटं

आमचा कांदा-लसूण चटणीचा धंदा. कोल्हापुरात वर्षाची चटणी उन्हाळ्यात एकदाच करून ठेवतात. ज्यांना ते जमत नाही त्यांना आम्ही करून देतो. नव्या घरी मी आधी चवीचं पाकीट फुकट देतो. त्याला खर्च चाळीस रुपये. दहा पाकिटांमागे दोन घरं गिऱ्हाईक होतात, म्हणजे एक घर दोनशेला पडतं. ते तीन किलो घेतं, किलोमागे साठ सुटतात. हाती एकशे ऐंशी.

"दादा, घरामागं वीस रुपये खड्ड्यात! दानधर्म काढलायस व्हय?" माझा भागीदार धाकटा भाऊ ओरडला. "पाकिटं बंद कर, न्हाईतर माझा वाटा दे."

"पुढच्या उन्हाळ्यात त्याच घराला परत पाकीट लागतंय काय?" मी विचारलं. "गेल्या वर्षीच्या नव्या दहा घरांतली सात परत आली की! त्यांच्या एकशे ऐंशीतनं आता काय वजा करतोस?"

"पुढचं कुणी बघितलंय?"

"मग तुझा वाटा घे."

त्यानं घेतला. यंदा मिरची निम्मीच आणता आली. तरी पाकिटांची पिशवी मी स्कूटरला अडकवली आणि नव्या गल्लीत शिरलो. कमी विकेन, पण गिऱ्हाईक एका उन्हाळ्यावर मोजणार नाही.