कौतुकाच्या मेलमधलं एक वाक्य

पुण्यात खराडीच्या ऑफिसात मी प्रोजेक्ट मॅनेजर होते तेव्हाची गोष्ट. एका हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याचं काम आमच्याकडे होतं आणि ते फार रखडलं होतं. जुन्या सिस्टिममध्ये पेशंट आला की दर वेळी नवा नंबर पडायचा. नव्या सिस्टिममध्ये एका माणसाला एकच नंबर. या नोंदी जोडताना सारख्या नावाची दोन वेगळी माणसं एक होऊन बसत. आमच्या टेस्टरने, म्हणजे काम तपासणाऱ्या मुलीने, हे पकडलं आणि सगळं बरोबर असल्याची सही द्यायला सरळ नकार दिला. "एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या खात्यावर जाईल. तारीख पुढे गेलेली चालेल," ती म्हणाली. हॉस्पिटलचे लोक चिडले, पण आम्ही थांबलो.

मग तिचे वडील गेले. ती लॅपटॉप घेऊनच यवतमाळकडच्या आपल्या गावी गेली. दिवसकार्य झालं आणि ती लगेच कामावर आली. पुढे काम नीट पार पडलं, एकही नोंद चुकीच्या माणसाला चिकटली नाही.

साहेब म्हणाले, "टीमसाठी कौतुकाचा मेल टाका. सगळ्या ऑफिसला जाईल."

मी मन लावून लिहिला. पाठवण्याआधी तिला कॅन्टीनमध्ये माझ्या फोनवर वाचायला दिला. एका वाक्याचा मला अभिमान होता: वडिलांच्या निधनानंतरही ती दुःख बाजूला ठेवून लगेच कामावर हजर झाली.

तिने फोन टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे वाक्य काढा."

"का गं? खरंच आहे ना ते?"

"मी दुःख बाजूला ठेवलं नव्हतं. तिथे बाबांची रिकामी खाट बघवत नव्हती, म्हणून आले. तुम्ही याचं कौतुक केलंत, तर उद्या कुणाची आई गेली की त्याच्याकडूनही हीच अपेक्षा धरतील."

मी फोन उचलून ते वाक्य पुन्हा वाचलं. चहा निवत होता.

"आणि मी नव्हते तेव्हा तपासणी कुणी केली, ते यात कुठेच नाही," ती म्हणाली. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने तिचं अर्धवट काम उचललं होतं. नाव आणि जन्मतारीख जुळली तरी फोन आणि पत्ता पडताळल्याशिवाय त्याने एकही जोडी एकत्र होऊ दिली नव्हती. शंका आली की हॉस्पिटलच्या नोंदणी विभागातल्या बाईंना विचारायचा. मी लिहिलं होतं फक्त 'सर्वांच्या सहकार्यामुळे'.

जागेवर येऊन मी मेल पुन्हा लिहिला. तिने सही का नाकारली, शेजारचा मुलगा तिचं मागे राहिलेलं काम कसं करत राहिला, नोंदणी विभागातल्या बाईंनी कंटाळा न करता जुन्या फायली कशा काढून पाहिल्या, एवढंच. तिच्या वडिलांबद्दल एक शब्द नाही.

साहेब वाचून म्हणाले, "ते वडिलांचं घाला की. लोकांच्या मनाला भिडेल."

"तिची इच्छा नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोरच मेल पाठवला.

संध्याकाळी निघताना ती माझ्या टेबलापाशी आली. "आईला वाचून दाखवते," म्हणाली. मग बॅग खांद्यावर घेत, "पुढच्या आठवड्यात सुट्टी हवी आहे. आता घरी जाईन म्हणते."

मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात ती गावी गेली, या वेळी लॅपटॉप ऑफिसातच ठेवून.