धाकटीच्या झाडाचा फोटो

माझी धाकटी जाऊ रोपं विकते म्हणजे काय करते, तर गिऱ्हाइकाला आधी घाबरवते. आमची दोघींची ऑनलाइन दुकानं एकाच साइटवर, गच्चीही एकच. तिच्या प्रत्येक रोपाच्या फोटोखाली हा भलामोठा मजकूर. वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी द्या. कडक उन्हात ठेवू नका. पार्सल सोमवारी-मंगळवारीच निघेल, नाहीतर सुट्टीत गोदामात पडून सडेल. पोचायला चार दिवसांपेक्षा जास्त लागतील तिथे रोप पाठवत नाही, तिकडे फक्त बिया. आणि वर शहाणपणा: "फोटो मूळ झाडाचा आहे, तुमच्या रोपावर पांढरं कमी-जास्त असेल."

असं वाचून कोण घेईल? पण घेत होते, तिच्याचकडून. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू.

तिच्या पांढऱ्या नक्षीच्या मनीप्लांटवर माझा डोळा होता. "हव्या त्या फांद्या घ्या ताई," ती म्हणाली. मी निव्वळ हिरव्या, जाडजूड घेतल्या, त्या भराभर वाढतात म्हणून. फोटो मात्र तिच्या झाडाचा काढला, ती बाहेर गेल्यावर. टीपबीप काही लिहिली नाही.

तीन रोपं विकली गेली. दोघांनी लगेच तक्रार केली, की पानावर पांढरा ठिपकासुद्धा नाही. साइटनं कळवलं, आणखी एक तक्रार आली की दुकान बंद. तिसरं रोप अजून वाटेत होतं. माझा जीव खालीवर. मी गुपचूप धाकटीचं ते कमी-जास्तवालं वाक्य उचललं आणि माझ्या रोपाखाली डकवलं.

संध्याकाळी ती पाण्याची झारी घेऊन गच्चीवर आली.

"ताई, ते वाक्य काढा. कमी-जास्त म्हणजे थोडं तरी हवं ना. हिरव्या फांदीला हिरवंच येणार."

"तुला काय माहीत मी कुठल्या फांद्या लावल्या?"

"समोर तर आहेत कुंड्या. आणि फोटोतली कान तुटलेली कुंडी माझी आहे. मला पहिल्याच दिवशी दिसली."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"वाटलं, तुम्हीच बदलाल." एवढं बोलून ती झारी भरायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या या चांगुलपणाचा मला फार राग येतो.

ते वाक्य पुसलं. फोटोही काढून टाकला, माझ्या हिरव्या रोपाचा लावला. आधीच्या दोघांचे पैसे परत केले. वाटेतल्या रोपाच्या बाईंना लिहिलं, "तो फोटो माझ्या जावेच्या झाडाचा होता. तुमचं रोप पूर्ण हिरवं निघेल. नको असेल तर पैसे परत देते."

उत्तर लगेच आलं. "हिरवंही चालेल, खरं सांगितलंत हे बरं केलंत. तुमच्या जावेचं दुकान कोणतं?"

दहा मिनिटं फोन पालथा घालून बसले. मग धाकटीच्या दुकानाची लिंक पाठवली.