बावन्न किलोमीटर

आमची बत्तीस सीटची पिवळी बस आहे. नवरा चालवतो, आणि मुलांना चढवायला-उतरवायला बाई लागते म्हणून मी बसते. मुलं मला काकू म्हणतात. चार वर्षं आम्ही आईबापांकडून दर मुलामागे महिन्याचे पैसे घेत होतो. यंदा शाळेने ठरवलं, पैसे शाळा गोळा करणार आणि आम्हाला किलोमीटरवर देणार. करार तीन वर्षांचा.

दर काढायला नवऱ्याने जिन्यावर बसून हिशोब सांगितला आणि मी वहीत लिहिला. चौथीपर्यंतचा भागाकार मला अजून येतो. बस सकाळी आमच्या वस्तीवरून रिकामी निघते, चौदा किलोमीटरवरच्या शेवटच्या गावाला जाते. तिथून मुलं घेत घेत जामखेडला शाळेत, ते सव्वीस. वाटेत आमची वस्ती लागतेच. दुपारी नवरा जेवायला घरी येतो, त्याला गरम भाकर लागते. शाळेपासून घर बारा, परत बारा. संध्याकाळी पुन्हा मुलं सोडायची सव्वीस, आणि रिकामी चौदा घरी. मीटर रोज एकशे चार किलोमीटर दाखवतं.

डिझेल, टायर, ऑइल, दुरुस्ती मिळून किलोमीटरला साडेचौदा रुपये पडतात. म्हणजे रोजचे दीड हजार. शिवाय जो खर्च बस उभी असली तरी होतोच, तो आहे: विमा, टॅक्स, परमिट, पासिंग, बँकेचं व्याज आणि वर्षाला बसची जी किंमत उतरते ती. तो दोन लाख छत्तीस हजार. शाळा वर्षात दोनशे वीस दिवस, म्हणून त्याने भागलं तर रोज एक हजार त्र्याहत्तर. सगळं मिळून एकशे चारने भागलं, पंचवीसला थोडं कमी आलं.

"तीस मागू," नवरा म्हणाला. "किलोमीटरला पाच रुपये सुटले तरी लई झालं."

मला बरं वाटलं. पाचशेच्या वर रोज सुटणार होते.

सोमवारी मुलं सोडून आम्ही ऑफिसात गेलो. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, होत्या आणि संस्थेचे सेक्रेटरी. मी कडेच्या खुर्चीवर बसले. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

"तीसला आमची काय हरकत न्हाई," सेक्रेटरी लगेच म्हणाले. "पोरं खुश, तुमी खुश. सही करा."

त्यांनी इतक्या झटक्यात होकार दिला, तिथेच मला काही तरी टोचलं. नवऱ्याने कागद माझ्याकडे दिला. त्याचा चष्मा बसमध्ये राहिला होता. मी बोट ठेवून वाचत गेले. तिसऱ्या ओळीत होतं की पैसे फक्त विद्यार्थी बसलेल्या अंतराचे मिळतील, पहिल्या थांब्यापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून शेवटच्या थांब्यापर्यंत.

मी मनातल्या मनात सव्वीस आणि सव्वीस केले. बावन्न. तीस गुणिले बावन्न, पंधराशे साठ. आणि गाडी तर एकशे चार धावणार, त्याचंच डिझेल-टायर दीड हजार. उरले पन्नास-साठ रुपये. विमा, व्याज, बसची झीज, सगळं त्या साठात. तीन वर्षं.

नवऱ्याने पेनाचं टोपण काढलं होतं. मी त्याची बाही धरली.

"अवो, थांबा."

"काय झालं?"

"हे बावन्नचेच पैसे देणार हायेत."

त्याला कळलं नाही. मग कळलं. त्याचा चेहरा एकदम उतरला, आणि नंतर लाल झाला, तो माझ्यावर की कागदावर, ते मला समजेना.

"रिकाम्या गाडीचे पैसे कोण देतं वहिनी?" सेक्रेटरी हसून म्हणाले. "आमच्याकडं अजून एक जण येऊन गेलाय. आज न्हाई झालं तर त्याला बोलवावं लागेल."

"उद्या सांगतो," नवरा म्हणाला.

बस शाळेच्या मैदानाला लागून लिंबाखाली उभी होती. त्याने चावी लावली. "चल, जेवून येऊ."

"नको."

"का?"

"जायला-यायला चोवीस किलोमीटर. साडेतीनशे रुपयांची भाकर पडती."

त्याने चावी काढली. आम्ही समोरच्या हातगाडीवरून वडापाव आणले आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर वही उघडली. पहिल्यांदा दुपारची फेरी काढली. मग मी विचारलं, "तुमचा पगार?"

"माझा कशाला? गाडी आपलीच हाय."

"दुसऱ्याची चालवली असती तर?"

"बारा हजार दिले असते."

मी बारा हजार बारा महिन्यांचे धरले. मग पेन थांबलं. पुढचं बोलायला मला जड गेलं. "आणि माझा सहा हजार. दहा महिन्यांचा."

"तू पण मागायला लागलीस व्हय?" तो म्हणाला. हसला नाही, पण रागानेही म्हणाला नाही. "लिही."

उभा खर्च आता चार लाख चाळीस हजार झाला, म्हणजे शाळेच्या दिवसाला बरोबर दोन हजार. जेवणाची फेरी काढून ऐंशी किलोमीटर राहिले, त्याचे अकराशे साठ. बावन्नने भागलं तर एकसष्टच्या जवळ. एवढं कोणी देणार नाही, हे त्यालाही कळत होतं. राहिली रिकामी चौदा आणि चौदा.

मग तोच म्हणाला, "बस शेवटच्या गावातच लावली तर? माझ्या मावसभावाचं अंगण मोठं हाय. आपण मोटारसायकलवर जाऊ."

मी नव्याने मांडलं. बस फक्त बावन्न धावणार, सातशे चोपन्न. दोन हजार उभे. मोटारसायकलचे साठ. अठ्ठावीसशे चौदा. भागून चोपन्न रुपये आणि वर दहा-बारा पैसे. हिवाळ्यात चौदा किलोमीटर थंडीत जायचं, हे त्यात कुठेच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने वही माझ्याच हातात ठेवली. सेक्रेटरींना मी पंचावन्न सांगितलं. आवाज कापत होता, म्हणून मी प्रत्येक आकडा दोनदा वाचला.

"काल तीस, आज पंचावन्न," ते म्हणाले. "इतकं कसं?"

"काल एकशे चारने भागलं हुतं," नवरा म्हणाला, "आणि हिचा पगार धरलाच नव्हता."

मोठ्या बाईंनी वही मागून घेतली. त्यांनी पगाराच्या ओळीवर बोट थांबवलं. मला वाटलं, ही ओळ खोडायला सांगणार. त्या सेक्रेटरींना म्हणाल्या, "अटेंडंट बाई नसली तर बस रस्त्यावर काढता येत नाही. दुसऱ्या माणसाने बाई धरली आहे का, विचारलंत?"

त्यांनी विचारलं नव्हतं. फोन केला. पलीकडचा बाई नाही म्हणाला.

एवढ्या दरावर सेक्रेटरी तीन वर्षांचं कबूल होईनात, म्हणून करार एका वर्षाचा झाला. पंचावन्नवर. सही नवऱ्याने केली. साक्षीदाराच्या जागी माझी. ती करून मी पेनाला टोपण लावलं.