बिनचिठ्ठीचा फोटो

दुसऱ्या लढाईच्या दिवसांत मी नगरला एका फोटो स्टुडिओत माणसं रंगवायचं काम करीत होते. मिशनच्या शाळेत माझी चित्रकला बरी होती आणि मालकांना बायकांचे फोटो काढताना पदर नीट करायला एक बाई हवीच होती, म्हणून मला ठेवलं. पदर नीट करून उरलेल्या वेळात मी रंग भरायची. त्या तीन वर्षांत कापडबाजारातल्या निम्म्या शेठजींना मी गोरं केलं आणि उरलेल्यांच्या अंगठ्यांना सोनं लावलं. एकाची बोटं मोकळी होती, तर त्याने माझ्याकडून अंगठीही रंगवून घेतली.

स्टुडिओ वरच्या मजल्यावर होता. उत्तरेच्या बाजूचं छप्पर काचेचं, त्यामुळे उन्हाळ्यात गिऱ्हाइकाच्या आधी पावडर वितळायची. आम्ही तिघंच. मालक फोटो काढायचे. काका, म्हणजे एक म्हातारे गृहस्थ, रिटचिंग करायचे. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून देवीचे वण आणि सुरकुत्या घालवणं हे त्यांचं काम. ते तपकीर ओढत आणि शिंक आली की निगेटिव्ह बाजूला धरत. एवढाच काय तो त्यांचा देवधर्म.

एके दिवशी पोस्टाने एक जाड पाकीट आलं. आत जुन्या कॅलेंडरच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये एक फोटो, बस्स. चिठ्ठी नाही, नाव नाही, गाव नाही. पाकिटावर आमचा पत्ता शाळामास्तरी वळणाच्या अक्षरात आणि तिकिटावर राहुरीचा अर्धा शिक्का.

"चिठ्ठी मागाहून येईल," मालक म्हणाले. आठ दिवस वाट पाहिली. कोणीच काही लिहिलं नाही.

फोटो एका घरातल्या माणसांचा होता. मधे खुर्चीवर पागोटंवाला म्हातारा, हातात छत्री, जणू फोटोवाल्याच्या घरात पाऊस पडणार होता. मागे दोन मिशीवाले पुरुष. बाजूला खाली बसलेली एक तरुण बाई आणि तिच्या मांडीवर तान्हं मूल. मूल हललेलं, त्यामुळे त्याला चेहऱ्याऐवजी ढग आला होता. म्हाताऱ्याच्या पोटावरून आडवी एक भेग गेली होती आणि एक कोपरा कसरीने खाल्ला होता.

नवव्या दिवशी तो फोटो टेबलावर ठेवून आम्ही भांडायला बसलो. भांडायचं कारण असं, की लढाईमुळे काचेच्या प्लेटा मिळत नव्हत्या. जुन्या फोटोचं काहीही करायचं तर आधी त्याचा फोटो काढून नवी निगेटिव्ह करावी लागते. मालक त्यासाठी एकच प्लेट द्यायला तयार होते.

"रंगवायचा," मालक म्हणाले. "बाईला हिरवं लुगडं, म्हाताऱ्याला लाल पागोटं. खाली पांढऱ्या शाईने लिहू, 'सुखी कुटुंब'."

"कोण सुखी?" काका म्हणाले. "त्या मागच्या दोघांची तोंडं बघा. जबानी द्यायला उभे केल्यासारखे आहेत. आधी भेग बुजवा. कोपरा मी पुरा करून देतो. रंग म्हणजे मढ्याच्या केसांना पोमेड."

मी म्हटलं, "फोटो कधीचा आहे ते तरी आधी बघू या. कोण आहेत ते कळल्याशिवाय लुगडं हिरवं कसं करायचं?"

"तू बघ हो, फौजदारीण," मालक म्हणाले.

मी भिंग घेतलं. कागद अगदी पातळ, पिवळसर, चकाकीवर बारीक बारीक तडे, आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. तसले कागद आमच्या वेळेपर्यंत गेलेच होते. मागच्या एका पुरुषाच्या पायांमागे लोखंडी तिवईचा पाय दिसत होता. पूर्वी फोटो काढायला वेळ लागायचा, म्हणून डोकं हलू नये यासाठी मागे तसला टेका लावीत. एवढ्यावरून मी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा म्हणून सांगितलं. काकांनी मान डोलावली. मला भलताच चेव आला.

उरलं त्या बाईचं कपाळ. तिचं लुगडं फिकं दिसत होतं. पण त्या काळच्या प्लेटांवर निळा रंग पांढरा उठायचा आणि लाल रंग काळा, त्यामुळे फिक्या लुगड्यावरून काही ठरत नव्हतं. कपाळावर मात्र मोठा काळा ठिपका होता.

"कुंकू," मालक म्हणाले. "लाल म्हणून काळं उठलंय. सवाष्ण आहे. हिरवं लुगडं."

"माशीची घाण असेल," काका म्हणाले. "असाच एक ठिपका म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर आहे आणि एक मागच्या पडद्यावर. म्हातारा गुडघ्याला कुंकू लावत होता का?"

मालक म्हणाले, माशीला एवढी अक्कल असते का की बरोब्बर कपाळाच्या मधे बसेल? काका म्हणाले, माशीने फार काही योजून केलेलं नसतं. माशीच्या पोटाच्या वेळापत्रकावर ते दोघे बराच वेळ बोलले. मग मी फोटो उजेडात तिरका धरला. तिन्ही ठिपके कागदाच्या वर आलेले दिसले. म्हणजे ते फोटोत नव्हते, फोटोवर होते.

कापसाची बारीक काडी करून मी ती जिभेला लावली. रंगकामात आम्ही सर्रास थुंकी वापरायचो. पाण्यापेक्षा ती बरी चालते. गुडघ्यावरचा ठिपका तपकिरी होऊन निघाला. माशीच. पडद्यावरचाही निघाला. मग कपाळ. तोही निघाला, पण कापूस काळाकुट्ट झाला. काजळ आणि डिंकाची, शाळेत बोरूने लिहायची शाई होती ती. आणि खाली कपाळ कोरं स्वच्छ.

"कुणीतरी मागाहून काढलं होतं," मी म्हटलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

"मग विधवा," मालक हळहळले. त्यांचं हिरवं लुगडं गेलं.

"कशावरून?" मी म्हटलं. "ख्रिस्ती असेल." गेली तीन वर्षं माझं कोरं कपाळ त्या दोघांच्या समोर बसून काम करीत होतं, पण त्यांना ते आठवलं नव्हतं. मालक घाईघाईने काचेच्या छपराकडे पाहू लागले. शेवटी काका जिंकले. दुरुस्ती करायची ठरली. मालकांनी फोटो भिंतीला टाचून मोठ्या कॅमेऱ्याने ती एकुलती प्लेट काढली. काकांनी तिच्यावर पेन्सिल चालवून भेग बुजवली, खाल्लेल्या कोपऱ्यात नवा गालिचा घातला. एक छान प्रिंट निघाला.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी जिना चढून एक बाई आली. पंचेचाळिशीची असेल. नऊवारी, पायांत धूळ, काखेत पेरूंचं गाठोडं. जिन्याच्या वरच्या पायरीवरच बसली आणि म्हणाली, "माजा फोटू झाला का?"

"चिठ्ठी का नाही पाठवलीत, मावशी?" मी विचारलं.

"मला कुटं लिव्हाया येतंय? मास्तरनं पाकिटावर लिवलं. म्हनला, आत काय लिवू? म्या म्हनलं, काई नगं. वैद्याला नाडी दिली की त्याला कळतंय. फोटूवाल्याला फोटू दिला की त्याला कळायचं."

मालकांनी तिला नवा प्रिंट दिला. आपण केलेल्या कामाकडे हात करून त्यांनी भेग, कोपरा, गालिचा, सगळं समजावलं. ती गालिच्याकडे बघतही नव्हती.

"आयचं कुक्कू कुटं हाय?"

मालकांनी काकांकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे.

"माज्या आयचं कुक्कू." तिने त्या तरुण बाईवर बोट ठेवलं. "ह्यो मांडीवरचा ढग म्हंजी मी. बा पिलेगात गेला तवा मी पोटात हुते. मी झाल्यावर आज्यानं फोटू काढला. मी साळंच्या वट्यावर खेळायची, तवा पोरं म्हनायची, तुजी आय बोडकी. एक दिस पोरांची दौत घेतली आन् दिलं फोटूत लावून. आयनं बघितलं. दोन थोबाडीत हानल्या, अशा हानल्या की कान वाजत हुता. पन पुसलं न्हाई. मरस्तवर न्हाई पुसलं. आवंदा आकाडात गेली. म्हनलं, ते काळं हाय ते लाल करून घ्यावं. तेवडंच काम हुतं."

मालक सावरून म्हणाले, "काय असतं बाई, जुन्या फोटोची नक्कल घेताना काही काही बारीक खुणा केमिकलमध्ये..."

"मी पुसलं," मी म्हटलं.

"कशानं?"

"थुंकीनं."

काकांनी तपकिरीची डबी उघडून पुन्हा बंद केली. ती बाई माझ्याकडे वळली. मग ती म्हणाली, "माज्या आयनं चाळीस वरसं संबाळलं, आन् तू थुकून पुसलंस व्हय गं, भवाने?" आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. पदराने डोळे पुसून ती पुन्हा हसली. मला मात्र हसता येईना.

"तुज्या कपाळाला का न्हाई? न्हवरा गेला?"

"लग्नच नाही झालं. ख्रिस्ती आहे मी."

"मंग ब्येस हाय. गेला तरी पुसायची कटकट न्हाई."

मी लाल रंगाची वडी भिजवली आणि बारीक कुंचला घेतला. तिने कुंचला बाजूला सारला, करंगळी रंगात बुडवली आणि नव्या प्रिंटवर आईच्या कपाळाला टेकवली. कुंकू वाटाण्याएवढं झालं, थोडं डाव्या भुवईवर गेलं. मालकांच्या तोंडून "अहो, अहो," निघालं. सगळा करडा फोटो आणि त्यात तो एक लाल धब्बा. काकांचा गालिचा कुठल्या कुठे गेला.

"जुन्यावर पण लावू का?" मी विचारलं.

तिने जुना फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. "नगं. हिथं ती जशी हुती तशी ऱ्हाऊ दे. फोटूतला तिचा चेरा पयल्यांदाच बगतीया मी. कायम त्या ठिपक्याकडंच नदर जायाची."

मालकांनी पांढऱ्या शाईची दौत पुढे सरकवली. खाली काय लिहायचं?

"काय लिवायचं त्यात? मला ठावं हाय ही कोन हायेत ती. माज्यामागं कुनी इचारनार न्हाई. आन् इचारलंच तर म्हना, पिलेगातली मानसं."

मालकांनी दौत बंद केली.

मी तिला मोटारस्टँडपर्यंत पोचवायला गेले. वाटेत तिने आईबद्दल सांगितलं. आईने पाट लावून दुसरं घर केलं नाही, दिरांशी भांडून तीन बिघे जमीन काढून घेतली, आणि कुणी वाकडं बोललं तर त्याच्या दारात जाऊन सात पिढ्यांना शिव्या घालून यायची. त्यातल्या दोन शिव्या तिने मला शिकवल्या. मिशनच्या शाळेत त्यांच्या जवळपासचंही काही शिकवलं नव्हतं.

राहुरीची गाडी भरलेली होती. ती खांद्याने वाट काढत शिरली, फोटोंचं पाकीट मांडीवर ठेवून बसली आणि शेजाऱ्याची कोंबड्यांची पाटी पायाने ढकलून त्याच्याशी कडाकडा भांडू लागली. गाडी हलली तरी तिचा आवाज ऐकू येत होता.