तांब्याची मैना

रामआळीतल्या स्टुडिओत लग्नाचे अल्बम बाकीचे करतात; गेलेली माणसं उमा फाटककडे येतात. फाटका, बुरशी चढलेला फोटो द्या, त्यातून ती तांब्याच्या पत्र्यावर ठोकून काढल्यासारखा चेहरा उभा करते. याचा तिला गर्व आहे आणि तो ती लपवतही नाही.

चिपळूणकडच्या गावातून समीक्षा आली ती आईचा, मैनाचा, फोटो घेऊन. वडिलांची, भागोजींची, नजर काचबिंदूने गेलेली. आईचा चेहरा त्यांच्या हाताला लागावा, एवढंच तिचं मागणं. म्हणजे नुसतं छापून भागणार नव्हतं. यंत्रावर लाकडी फळीत कोरून वर तांब्याचा रंग द्यायचं ठरलं.

उमाने फोटोवरून आधी उंचीचा करडा नकाशा काढला. त्यात पांढरं ते वर, काळं ते खाली. संगणकाला मेल्याला काय कळतंय! त्याने फ्लॅशने चमकलेल्या गालावर टेंगूळ आणलं आणि गडद कुंकवाच्या जागी खड्डा पाडला. सवाष्ण गेलेल्या बाईच्या कपाळाला खड्डा? उमाने तो रंगवून भरला आणि कुंकू नाण्यासारखं वर उठवलं. नाक फार पुढे येत होतं, ते दाबलं. पडद्यावर उजेड वरून, डावीकडून सोडला. खालून सोडला की चेहरा आत गेल्यासारखा भासतो. मग सावलीत जाड, उजेडात बारीक अशा रेघा गालाच्या वळणाने ओढल्या. त्याही कोरायला दिल्या. पडद्याकडे बघून समीक्षाला रडू फुटलं. उमाला वाटलं, जमलं.

फळी न्यायला भागोजी लेकीबरोबर स्वतः आले. हात सदऱ्याला पुसून त्यांनी बोटं कपाळावर ठेवली आणि तिथेच थांबले.

"ही गाठ कसली?"

"कुंकू आहे ते, आजोबा."

"कुंकू हाताला लागत नाय गो बाय." बोटं खाली सरकली. "नाक चपटं. गाल तर खरबरीत... मैनाचा असा नव्हता."

कुठे उचलायचं, कुठे दाबायचं, सगळं उमाने पडद्यावरच्या उजेडात बघून ठरवलं होतं. डोळे मिटून एकदाही विचार केला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

"मी पुन्हा करून देते, आजोबा. ही राहू दे इथेच."

"नको." भागोजींचा आवाज अगदी बारीक झाला. "डोलं गेलं, तरी तिचं तोंड माज्या हातात होतं. आता ह्या फळीला हात लावला. आता हीच ध्यानात ऱ्हायल."

समीक्षा फळी काढून घ्यायला पुढे झाली, पण म्हातारा ती सोडीना.